‘कशी दिसतेय?’ आणि एकाच कानातला झुमका

क्रशने आपणहून सेल्फी पाठवावा आणि खाली ‘कशी दिसतेय?’ एवढंच लिहावं, हा प्रसंग ज्याच्यावर आलाय त्याला त्यातली धडधड वेगळी सांगायला नको. मनात बरंच काही दाटून आलेलं असतं. तरी बोटं टाइप करतात ते ठरलेलंच: ‘मस्त’, ‘भारी’, ‘एक नंबर’, ‘कडक’, नाहीतर आगीची एखादी इमोजी. यात खोटं काही नसतं. पण हेच शब्द त्याच संध्याकाळी तिला मावसबहिणीकडून, कॉलेजच्या ग्रुपवरून आणि कित्येक वर्षांत न भेटलेल्या शाळासोबत्याकडूनही आलेले असतात. त्या गर्दीत त्याचं उत्तर कुठलं, हे तिला ओळखता येत नाही.

कौतुक साच्यात पडतं, ही काही आजच्या मोबाइलच्या पिढीची खोड नव्हे. जोन मेन्स आणि नेसा वुल्फसन या अमेरिकेतल्या दोन भाषाअभ्यासकांनी रोजच्या बोलण्यात कानावर पडलेली 686 कौतुकाची वाक्यं टिपून ठेवली आणि 1981 मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्याहून अधिक वाक्यं एकाच बांधणीची निघाली: अमुक गोष्ट छान आहे किंवा छान दिसतेय. विशेषणं तर अवघी पाच, आणि दोन-तृतीयांश वेळा फिरून फिरून तीच. त्या दोघींनी याला दोष दिला नाही. साचा ठरलेला असतो म्हणूनच बोलणं कुठूनही कुठेही गेलं तरी मध्येच आलेलं कौतुक चटकन ओळखू येतं आणि दोन माणसांमधलं वातावरण सैल होतं, असं त्यांचं म्हणणं. शेजारणीच्या नव्या ड्रेसला ‘छान आहे हं’ म्हणणं यासाठी पुरेसं आहे. क्रशच्या बाबतीत मात्र हाच साचा आड येतो. आपलं बरं जमतं, एवढंच तो सांगतो. मी तुझ्याकडे नीट पाहिलं, हे त्यातून पोचत नाही, आणि तिला ऐकायचं असतं ते नेमकं तेच.

म्हणून चांगल्या उत्तरात दोन गोष्टी लागतात. त्याच फोटोत दिसलेली एखादी बारीक गोष्ट, आणि ती पाहून पाहणाऱ्याचं काय झालं ते. खरेपणा येतो तो दुसऱ्या गोष्टीतून. ‘तू सुंदर आहेस’ हा निकाल झाला. त्यावर ती ‘काहीही हं’ म्हणू शकते, आणि बहुतेक वेळा म्हणतेच. पण ‘माझं लक्ष इथे अडकलं’ हे तिला खोडून काढता येत नाही. लक्ष कुठे अडकलं हे फक्त त्यालाच ठाऊक असतं, आणि त्याने ते कबूल केलेलं असतं. फ्लर्टिंगची गंमत या कबुलीत आहे.

आता ती विचारते का, तेही पाहायला हवं. बऱ्याचदा प्रश्न केवळ खेळ म्हणून आलेला नसतो. स्वतःचा फोटो पाहून तिला खरोखर शंका आलेली असते. त्या शंकेची निदान दोन कारणं चेहऱ्यात नसून यंत्रात आणि सवयीत असतात.

पहिलं कारण आरसा. माणूस जन्मभर स्वतःचा चेहरा आरशात, म्हणजे डावं-उजवं उलटलेला पाहतो. चेहरा तंतोतंत सममित कुणाचाच नसतो. भांग एका बाजूला, एक भुवई किंचित वर, हसताना एक कोपरा जास्त वळणारा. बऱ्याच फोनमध्ये सेल्फी घेताना पडद्यावर आरशातलं रूप दिसतं आणि जतन झालेला फोटो मात्र सुलटा असतो, जग तिला पाहतं तसा. तो पाहून तिला काहीतरी वाकडं झाल्यासारखं वाटतं. मिल्वॉकीच्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या थिओडोर मीटा आणि सहकाऱ्यांनी 1977 मध्ये तरुणींना त्यांच्याच फोटोच्या दोन प्रती दाखवल्या, एक सुलटी आणि एक आरशातली. त्यांना स्वतःला आरशातली प्रत जास्त आवडली. त्यांच्या मैत्रिणींनी आणि प्रियकरांनी सुलटी निवडली. ज्याला जी बाजू सवयीची, ती त्याला आवडली.

दुसरं कारण अंतर. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत कॅमेरा चेहऱ्याच्या फार जवळ असतो, आणि जवळच्या कॅमेऱ्याला नाक कानांपेक्षा प्रमाणाबाहेर पुढे आलेलं दिसतं. 2018 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी याचं गणित मांडलं. 12 इंचांवरून काढलेल्या फोटोत चेहऱ्याच्या मानाने नाकाची रुंदी पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्क्यांनी जास्त दिसते. सेल्फी पाहून नाक बारीक करून मागणारे रुग्ण येऊ लागले, म्हणूनच तर हा हिशेब करावा लागला.

हे माहीत असलेल्या माणसाला फोटोतल्या नाकाबद्दल, कपाळाबद्दल किंवा हनुवटीबद्दल बोलण्यात राम वाटणार नाही, ना चांगलं ना वाईट. त्यातलं बरंचसं भिंगाने केलेलं असतं. त्याउलट तिने ‘आज माझा चेहरा विचित्रच आलाय’ असं लिहिलं तर त्याच्या हाती एक अगदी खरं आणि तितकंच खट्याळ उत्तर असतं: ‘तुला विचित्र वाटतोय कारण तू स्वतःला आरशात बघतेस. मी रोज याच बाजूने बघतो. मला विचार.’ एकही विशेषण नाही. तरी ‘मी रोज बघतो’ हे शब्द वाचून तिचं बोट पडद्यावर क्षणभर थांबेल.

आता एक प्रसंग तपशिलाने घेऊ. समजा, दोघं पुण्यात एकाच ऑफिसात आहेत. काही महिने रोज दुपारचा चहा बरोबर होतो, त्याच्या मनात तिच्याबद्दल काहीतरी आहे, आणि तिच्याही मनात असावं अशी त्याला शंका आहे. शनिवारी तिच्या चुलतभावाचा साखरपुडा. संध्याकाळी तिचा सेल्फी येतो. बाटलीहिरवी रेशमी साडी, केस अजून जरा ओले, उजव्या कानात ऑक्सिडाइज्डचा मोठा झुमका आणि डावा कान मोकळा. मागे पलंगावर नापसंत ठरलेल्या दोन-तीन साड्यांचा ढीग. खांद्यावर पदराची पिन उघडी दिसतेय. खाली, ‘कशी दिसतेय? खरं सांग.’

त्याच्या मनात पहिलं येतं ‘मस्त!’. ते वर सांगितलेल्या गर्दीत जाऊन बसणार. मग ‘एकदम हिरॉईन’. हे मोठं आहे, पण पोकळ. कुठल्याही फोटोखाली चिकटवता येईल, आणि तिने ‘खरं सांग’ म्हटल्यावर तर ते टाळल्यासारखं वाटेल. तिसरं उत्तर ‘हिरवा रंग तुला फार शोभतो’. यात नजर आहे, साडी निवडण्यात तिचा जीव गेलाय हे मागचा ढीग सांगतोच, त्यामुळे ते तिला आवडेलही. पण हे वाक्य तिची आत्याही दारातच म्हणणार आहे. फ्लर्टिंगच्या उत्तरात असं काहीतरी हवं, जे आत्याच्या तोंडी बसणार नाही.

ते फोटोतच आहे, डाव्या कानात. दुसरा झुमका घालायच्या आतच तिने फोटो काढला आणि पाठवलाही. म्हणून चौथं उत्तर असं जमतं: ‘एकाच कानात झुमका घालून फोटो पाठवलास. एवढी घाई मला विचारायची? साडी सुंदर आहे, पण मी अजून त्या मोकळ्या कानावरच अडकलोय. आणि खांद्याची पिन दिसतेय, निघायच्या आधी आत घे.’

या चार वाक्यांत काय काय घडलं ते सावकाश पाहण्यासारखं आहे. पहिलं वाक्य त्याच फोटोचं आहे, दुसऱ्या कुणाच्या फोटोखाली ते चालणार नाही. दुसऱ्यात चिडवणं आहे, पण ते तिच्या दिसण्यावर नाही. ते दोघांमधल्या ओढीवर आहे, आणि प्रश्नाच्या रूपात असल्यामुळे तिला हवं तर नाकारता येतं. तिसऱ्यात कौतुक आणि कबुली एकत्र येतात. कान हा खुणावणारा शब्द आहे, तरी मर्यादेत आहे. दागिन्याच्या निमित्ताने तो आधीच बोलण्यात आलाय. आणि पिनेचं वाक्य रूक्ष वाटलं तरी काढून टाकू नये. तिने ‘खरं सांग’ म्हटलंय. दोष एकच सांगितला, तोही दहा सेकंदांत दुरुस्त होणारा, म्हणून त्याआधीचं सगळं खरं ठरतं. जो माणूस पिन दिसतेय हे सांगतो, त्याने ‘साडी सुंदर’ म्हटलं तर ती विश्वास ठेवेल.

दोष सांगायचा की गिळायचा, यावर अनेकांचा गोंधळ होतो. कसोटी साधी आहे. निघायच्या आत बदलता येण्यासारखं आहे का? दाताला लागलेली लिपस्टिक, उलटी वळलेली कॉलर, सुटलेला गजरा, हे सांगावं, आणि लवकर सांगावं. कार्यक्रमाहून परतल्यावर सांगितलेला खरेपणा कुणाच्याच कामाचा नाही. वजन, उंची, रंग, पिंपल हे सांगू नये. ते तिला माहीत आहे, आणि त्याबद्दल तिने विचारलेलंच नाही. ‘बारीक झालीस’ हे कौतुक समजून फार सहज लिहिलं जातं. पण शरीरावरचं कौतुकही काही स्त्रियांना स्वतःच्या शरीरावर आणखी पहारा ठेवायला लावतं, असं याविषयीच्या मानसशास्त्रीय अभ्यासांत आढळलंय. तिने जे निवडलं त्यावर बोलावं: रंग, कानातलं, केसांची बांधणी, उभं राहण्याची ढब, फोटो काढण्याची वेळ.

पण इतकं जपून लिहिलं तर यात फ्लर्टिंग आहे हे तिला कळेल का? ही काळजी रास्त आहे. कॅन्ससचे संज्ञापनशास्त्रज्ञ जेफ्री हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकमेकांना न ओळखणाऱ्या तरुण-तरुणींच्या 52 जोड्यांना त्यांनी दहा-बारा मिनिटं गप्पा मारायला बसवलं आणि नंतर प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं: तुम्ही फ्लर्ट करत होतात का, आणि समोरची व्यक्ती करत होती का? समोरचा फ्लर्ट करत नव्हता हे 84 टक्के वेळा बरोबर ओळखलं गेलं. करत होता हे मात्र फक्त 28 टक्के वेळा. समोरासमोर, डोळे आणि आवाज हाताशी असताना ही गत. ही जोडपी अमेरिकी विद्यार्थ्यांची आणि पहिल्याच भेटीतली होती, त्यामुळे रोजच्या चहाच्या ओळखीला हा आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही. पण दिशा कळते. माणसं फार सूचक बोलतात आणि समोरच्याला ते ऐकूच जात नाही.

लिहिलेल्या शब्दांत तर आणखी एक खड्डा असतो. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये ईमेलवर प्रयोग केला. लोकांनी काही वाक्यं मनापासून आणि काही उपहासाने लिहून पाठवायची, आणि वाचणाऱ्याने कुठलं काय ते ओळखायचं. पाठवणाऱ्यांना वाटलं, 78 टक्के वेळा तरी कळेल. प्रत्यक्षात कळलं 56 टक्के, म्हणजे नाणं उडवून अंदाज करण्यापेक्षा थोडंसंच बरं. लिहिणाऱ्याच्या कानात त्याचा स्वतःचा सूर वाजत असतो, म्हणून वाचणाऱ्यालाही तो ऐकू येईल असं त्याला वाटतं.

यावरून सेल्फीच्या उत्तराबाबत एक पक्की गोष्ट निघते. उलटं बोलून चिडवणं, म्हणजे ‘ठीक आहेस’, ‘चालेल’, ‘साखरपुड्यातल्या इतरांचं काय होणार बिचाऱ्यांचं’ अशी वाक्यं चहाच्या टपरीवर, डोळे मिचकावून, फार गोड लागतात. पडद्यावर ती पन्नास टक्क्यांच्या भरवशावर सोडलेली असतात. आधीच शंकेत असलेली मुलगी ‘ठीक आहेस’ हे ठीक असंच वाचणार. चिडवायचं असेल तर तिच्या दिसण्याला हात न लावता चिडवावं, आणि त्याच संदेशात एक वाक्य सरळ, जसं आहे तसं असावं. झुमक्याच्या उत्तरात ‘मी अजून अडकलोय’ हे ते सरळ वाक्य आहे. ते काढलं तर उरतो फक्त टोमणा.

फोटो मुलाचाही येतो, हे अशा चर्चेत हमखास विसरलं जातं. जॅनेट होम्स या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी 1980 च्या दशकात न्यूझीलंडमध्ये सुमारे 484 कौतुकाचे प्रसंग तपासले; त्यांतली जवळजवळ तीन-चतुर्थांश कौतुकं स्त्रियांच्या वाट्याला आलेली होती. पुरुषांना दिसण्यावरचे शब्द कमी ऐकायला मिळतात, त्यामुळे ‘कसा दिसतोय?’ विचारणारा मुलगा बहुतेक वेळा बराच धीर एकवटून विचारत असतो. समजा त्याने नुकतीच दाढी काढलीय, सलूनच्या खुर्चीतूनच फोटो पाठवलाय, मानेला अजून तो पांढरा कपडा गुंडाळलेला आहे. आणि तिला त्याची दाढी मनापासून आवडायची. आता खरं काय बोलावं? दाढी आज रात्री परत उगवणार नाही, म्हणजे हा दुरुस्त होणारा दोष नव्हे. पण ‘वा, मस्त’ म्हटलं तर ती खोटं बोलली, आणि तो पुढच्या महिन्यात त्याच भरवशावर पुन्हा काढेल. तिचं उत्तर असं जमेल: ‘ओळखायला दोन सेकंद लागले. खोटं नाही बोलत, दाढी मला आवडायची. पण गालावर खळी पडते ही गोष्ट इतके दिवस लपवून ठेवली होतीस होय?’ आवड तिने स्वतःच्या नावावर सांगितली, त्याच्या चेहऱ्यावर निकाल दिला नाही. आणि खळीचं वाक्य सरळ सांगतं की फोटो तिने मोठा करून पाहिला. दाढी पुन्हा ठेवायची की नाही, हा आता त्याच्यासाठी फार रंजक प्रश्न झालाय.

असं लिहायला संकोच होतो, टाइप केलेलं पुसून लोक पुन्हा ‘मस्त’वर येतात. त्याबद्दल एक आश्वासक निष्कर्ष आहे. एरिका बूथबी आणि व्हनेसा बोन्स यांच्या प्रयोगांत कौतुक करणाऱ्यांनी आधीच अंदाज बांधला होता की समोरच्याला किती बरं वाटेल आणि किती अवघडल्यासारखं होईल. प्रत्यक्षात ऐकणाऱ्याला अंदाजापेक्षा जास्त बरं वाटलं आणि कमी अवघडल्यासारखं झालं. बोलणारा आपले शब्द नीट जमले का या चिंतेत असतो. ऐकणारा शब्दांच्या सफाईपेक्षा त्यातला जिव्हाळा घेतो.

तरी बिघडतं, आणि कुठे बिघडतं ते ओळखता येतं. ‘आज छान दिसतेस’ यातला ‘आज’ एरवीबद्दल काय सांगतो, हे पाठवल्यावर ध्यानात येतं. दुसऱ्या कुणाशी तुलना, मग ती नटीशी का असेना, तिला तिच्याच फोटोतून बाहेर काढते. जुने फोटो धुंडाळून ‘दोन वर्षांपूर्वीच्या त्या निळ्या ड्रेसपेक्षा भारी’ असं लिहिलं तर नजर बारीक न वाटता पाळत ठेवल्यासारखी वाटते. आणि तिने एक फोटो, एक ओळ पाठवली असताना उत्तराचे सहा संदेश गेले की खेळाचा तोल जातो.

उत्तर लागू पडलं की नाही हे तिच्या पुढच्या ओळीवरून कळतं, आणि पाहायचं एकच: त्याने उचललेला तपशील तिने परत उचलला का? ‘घाई कसली, दुसरा झुमका सापडत नव्हता!’ असं आलं तर तिने खेळ स्वीकारला. मग त्याने लांबण न लावता ‘सापडला की पुन्हा विचार, उत्तर बदललं तर कळवतो’ म्हणावं आणि तिला साखरपुड्याला जाऊ द्यावं. तिने फक्त ‘थँक्यू’ आणि हसरा चेहरा पाठवला तर कौतुक पोचलं, चिडवणं तिने बाजूला ठेवलं. तेही स्वच्छ उत्तर आहे. ‘मजा कर’ म्हणून तो विषय तिथेच सोडावा. सोमवारी चहाला पूर्वीसारखं बोलता येईल, कारण त्याने लिहिलेल्या कशाचीही दोघांना लाज वाटणार नाही. ‘अजून एक पाठव ना’ ही मागणी मात्र तिने आपणहून फोटो पाठवला होता ही गोष्टच पुसून टाकते. शेरे लैंगिक होऊ लागले, किंवा तिने नको म्हटल्यावरही संदेश येत राहिले, तर ते फ्लर्टिंग उरत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत पुरुषाकडून स्त्रीला होणाऱ्या अशा त्रासासाठी कलम 75 आणि 78 आहेत.

वेळेचं थोडं. ती निघायच्या तयारीत असेल तर पहिल्या दोन-चार मिनिटांतलं उत्तर उपयोगी, कारण पिन आत घ्यायला वेळ हवा. निळ्या खुणा उमटून तासभर शांतता गेली तर कितीही सुरेख ओळ असो, मधल्या वेळात तिने स्वतःच वाईट उत्तर कल्पून घेतलेलं असतं. लगेच सुचत नसेल तर जे दिसलं तेवढंच पाठवावं, ‘दुसरा झुमका कुठेय?’, आणि उरलेलं सुचेल तसं मागून लिहावं.